चरित्रपट, हयात व्यक्तीवरील

ज्या व्यक्तीच्या आयुष्यावर चित्रपट निघतो ती हयात असेल, तर तिची संमती, खासगीपण व अब्रू यांचे प्रश्न उभे राहतात. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांनी एकेका खटल्यातून वाट पाडली आहे, आणि त्यातला सर्वांत बोलका खटला ‘बँडिट क्वीन’चा (१९९४) आहे.

शेखर कपूर दिग्दर्शित आणि ब्रिटनच्या चॅनल फोरने निर्मिलेला हा चित्रपट डाकू फूलनदेवीवरचा. त्याला आधार माला सेन यांच्या पुस्तकाचा होता आणि त्या पुस्तकाला फूलनदेवीने तुरुंगात इतरांकडून लिहवून घेतलेल्या आठवणींचा. निर्मात्यांशी तिचा करार झाला होता, मोबदलाही ठरला होता. तरी फेब्रुवारी १९९४ मध्ये सुटून आल्यावर तिने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. तिच्यावरचे सामूहिक बलात्कार आणि तिची नग्न धिंड पडद्यावर दाखवली होती. तिने नाकारलेले बेहमईचे हत्याकांड (१९८१) तिच्या माथी मारले होते. डिसेंबर १९९४ मध्ये न्यायालयाने प्रदर्शनाला अंतरिम मनाई केली. एका लेखनावर चित्रपट काढण्याची परवानगी दिली म्हणून त्यात नसलेले काहीही दाखवण्याची मुभा मिळत नाही, हा या वादाचा गाभा होता. चित्रपट तर ‘ही सत्यकथा आहे’ असे सुरुवातीलाच सांगतो. त्यामुळे कल्पनास्वातंत्र्याचा बचाव निर्मात्यांनी स्वतःच लंगडा करून ठेवला होता.

त्याच वर्षी राजगोपाल (‘ऑटो शंकर’) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींतील मजकुरावर लिहायला संमती लागत नाही; मात्र लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव याला अपवाद. नोंदींपलीकडे गेल्यास जोखीम लेखकाची.

बदनामीचा दावा दोन वाटांनी येतो. दिवाणी दाव्यात मजकूर खरा ठरला की बचाव पुरा होतो. फौजदारीत (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६, पूर्वी दंड संहितेची कलमे ४९९ व ५००) खरेपणाबरोबर लोकहितही दाखवावे लागते, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. पात्राचे नाव बदलून किंवा ‘काल्पनिक’ अशी पाटी लावून सुटका होत नाही. प्रेक्षकाला माणूस ओळखू आला की पुरे. म्हणून सावध निर्माते पटकथेतल्या प्रत्येक प्रसंगासमोर त्याचा आधार लिहून ठेवतात आणि करारात दृश्ये नेमकी नोंदवतात. मात्र तुरुंगातल्या, निरक्षर माणसाने उमटवलेल्या अंगठ्याला संमती म्हणावे का, हा प्रश्न करारनाम्याने सुटत नाही.

फूलनदेवीचा वाद पुढे आर्थिक तडजोडीने मिटला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चित्रपटाला ‘प्रौढांसाठी’ प्रमाणपत्रासह मोकळीक दिली, पण त्यातला मूळ अर्ज गुज्जर समाजाची बदनामी झाली म्हणणाऱ्या दुसऱ्याच व्यक्तीचा होता. चरित्रनायिकेच्या संमतीचा मुद्दा त्या न्यायालयापुढे नव्हताच, तरी हा निकाल अनेकदा त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून दाखवला जातो.