सिमेंट मसाल्याचे प्रमाण (वीटकाम आणि गिलावा)

सिमेंट मसाला म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाणी यांचे मिश्रण होय. बांधकामावर त्यास 'माल' म्हणतात. विटा जोडण्यासाठी आणि भिंतीस गिलावा (प्लास्टर) करण्यासाठी हेच तीन घटक वापरले जातात, परंतु त्यांचे प्रमाण वेगवेगळे असते. नऊ इंची वीटकामासाठी सामान्यतः १:६, बाहेरील गिलाव्यासाठी १:४, तर आतील गिलाव्यासाठी १:५ ते १:६ असे प्रमाण घेतात. यातील पहिला आकडा सिमेंटचा, तर दुसरा वाळूचा असून दोन्ही आकारमानाने मोजलेले असतात. वीटकामातील मसाला विटांच्या मध्ये दाबाखाली असतो. गिलावा मात्र पातळ थर म्हणून भिंतीस चिकटून ऊन, वारा व पाऊस सोसतो. प्रमाणातील फरक या दोन वेगळ्या कामांतून येतो.

प्रस्तुत लेखातील उदाहरणे अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातील सुपा या गावाच्या परिस्थितीस अनुसरून दिली आहेत. पुणे–अहिल्यानगर मार्गावरील हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून येथे औद्योगिक वसाहत आहे. कोरडी हवा, कडक उन्हाळा, पाण्याची टंचाई आणि काळ्या पाषाणापासून दळलेली कृत्रिम वाळू (क्रश सँड) या बाबींचा येथील मसाल्यावर थेट परिणाम होतो.

वीटकामातील मसाल्याचे कार्य

वीटकामात मसाल्याचा थर सुमारे १० मिलिमीटर जाडीचा असतो. विटांचे कमीजास्त आकार सामावून घेणे, वरचा भार खालच्या विटेवर सारखा पसरवणे आणि विटा एकमेकींस धरून ठेवणे ही त्याची कामे आहेत. भार मुख्यतः दाबाच्या स्वरूपात असल्याने मसाल्यास फार मोठी ताकद लागत नाही.

सिमेंट जितके जास्त तितकी भिंत मजबूत, असा समज सर्वत्र आढळतो. भिंतीची ताकद मात्र प्रामुख्याने विटेवर अवलंबून असते. आयएस २२५० या भारतीय मानकानुसार १:६ मसाल्याची किमान दाबशक्ती प्रति चौरस मिलिमीटर ३ न्यूटन, तर १:३ मसाल्याची १० न्यूटन धरली जाते. आयएस १०७७ मधील सर्वांत खालच्या वर्गाच्या भाजलेल्या विटेची दाबशक्ती ३.५ न्यूटन असते. अशा विटेच्या भिंतीसाठी आयएस १९०५ मध्ये दिलेला मूळ अनुज्ञेय दाब १:३ आणि १:६ या दोन्ही मसाल्यांसाठी सारखाच, म्हणजे ०.३५ न्यूटन आहे. मसाला तिपटीहून अधिक मजबूत केला, तरी या विटेच्या भिंतीवर हिशेबात अधिक भार घेता येत नाही. वीट अधिक चांगली असल्यास मसाल्याच्या ताकदीचा काही लाभ मिळतो.

अधिक सिमेंटमुळे हानीही होऊ शकते. सिमेंटयुक्त मसाला वाळताना अधिक आकसतो आणि कडक असल्याने पायाचे किंचित खचणे किंवा तापमानातील बदल सहन करत नाही. विटेपेक्षा मसाला मजबूत असल्यास तडा विटा फोडून सरळ जातो आणि दुरुस्तीसाठी विटाच बदलाव्या लागतात. मसाला तुलनेने मऊ असल्यास हालचाल अनेक सांध्यांत विभागली जाते. तडे बारीक राहतात, सांध्यांतून पायऱ्यांसारखे जातात आणि सांधे खरवडून पुन्हा भरता येतात.

साडेचार इंची पडदी हा याला अपवाद आहे. ती पातळ असल्याने बाजूने बसणाऱ्या धक्क्यांनी हलते. म्हणून तिच्यासाठी १:४ मसाला वापरतात आणि ठरावीक थरांनंतर सळया घालून काँक्रीटचा पट्टा देतात.

गिलाव्यातील मसाल्याचे कार्य

गिलाव्यावर भार नसतो. त्याने भिंतीस चिकटून राहावे, पाणी आत जाऊ देऊ नये आणि पृष्ठभागावरून भुकटी सुटू नये, एवढी अपेक्षा असते. त्यासाठी वाळूच्या कणांमधील पोकळ्या सिमेंटच्या लगद्याने भरल्या जाणे आवश्यक असते. चांगल्या वाळूत या पोकळ्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या असतात. १:६ मिश्रणात त्या पुरत्या भरत नाहीत, त्यामुळे असा गिलावा पाणी अधिक शोषतो. १:४ मध्ये तो बराच घट्ट होतो.

गिलाव्याची वाळूही बारीक असते. आयएस १५४२ नुसार गिलाव्याच्या वाळूचा ८० ते १०० टक्के भाग ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून जावा लागतो, तर वीटकामाच्या वाळूसाठी आयएस २११६ मध्ये ही मर्यादा ४० ते १०० टक्के आहे. कण जितके बारीक, तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ जास्त आणि त्यावर लेप बसण्यास सिमेंटही जास्त लागते. त्यामुळे तेच १:६ प्रमाण जाड वाळूत पुरेसे असले, तरी बारीक वाळूत अपुरे ठरू शकते.

मात्र प्रमाण वाढवण्यास मर्यादा आहे. गिलाव्याचा थर आकसू पाहतो आणि भिंत त्यास धरून ठेवते, त्यामुळे थरात ताण निर्माण होतो. १:३ किंवा त्याहून अधिक सिमेंटच्या गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात आणि त्यांतून पाणी शिरते. बाहेरील गिलावा दोन थरांत करतात. पहिला सुमारे १२ ते १५ मिलिमीटर आणि दुसरा ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा असतो. वरच्या थरात खालच्यापेक्षा अधिक सिमेंट नसावे, अन्यथा वरचा थर आकसताना खालच्यास ओढून सोलून काढतो. आतील भिंतीवर पाऊस लागत नसल्याने १२ मिलिमीटरचा एकच थर व कमी सिमेंट पुरते. काँक्रीटच्या छतास मात्र सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा १:३ किंवा १:४ गिलावा करतात, कारण तो गुळगुळीत पृष्ठभागास खालून लटकून राहतो.

वाळूचे मोजमाप

सिमेंटची ५० किलोची गोणी आकारमानाने सुमारे ३५ लिटर भरते. म्हणून वाळू मोजण्यासाठी आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटर मापाचा फर्मा वापरतात. एका गोणीस असे सहा फर्मे वाळू घेतल्यास १:६, तर चार घेतल्यास १:४ प्रमाण होते. घमेल्यांनी मोजल्यास काठोकाठ आणि शिगेस भरलेल्या घमेल्यांतील फरकामुळे प्रमाण बिघडते.

ओलसर वाळू फुगते, कारण कणांभोवतीची पाण्याची पातळ त्वचा त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. हे फुगणे जागेवर तपासता येते. सरळ कडांच्या काचेच्या भांड्यात ओलसर वाळू न दाबता १२ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी, नंतर ती बुडेल इतके पाणी घालून ढवळावे व बसू द्यावे. वाळू १० सेंटिमीटरवर आली, तर फुगणे २० टक्के आहे. अशा वाळूचे सहा फर्मे प्रत्यक्षात पाचच भरतात आणि १:६ ठरवलेला मसाला १:५ होतो. म्हणून सहाऐवजी ७.२ फर्मे घ्यावे लागतात. पूर्ण कोरड्या वाळूस ही वाढ लागू नाही.

कृत्रिम वाळूत दगडाची भुकटी अधिक असते. भुकटी मर्यादित असल्यास मसाला एकसंध होतो, परंतु ती फार असल्यास मसाला अधिक पाणी मागतो आणि वाळताना तडकतो. नदीच्या वाळूतील गाळ मीठ घातलेल्या पाण्यात वाळू ढवळून तपासतात. वर बसलेला गाळाचा थर साधारण ८ टक्क्यांपेक्षा जाड असल्यास वाळू धुऊन घ्यावी.

मिश्रणाची कृती

मसाला जमिनीवर न कालवता पाणी न शोषणाऱ्या फरशीवर किंवा लोखंडी पत्र्यावर कालवतात. वाळू पसरून तीवर सिमेंट टाकतात आणि सर्वत्र एकसारखा रंग येईपर्यंत कोरडेच वरखाली करतात. त्यानंतर मध्ये आळे करून थोडे थोडे पाणी घालतात.

वीटकामाचा मसाला थापीवरून सहज पसरावा, परंतु वीट ठेवल्यावर सांध्यातून वाहू नये. विटा आधी पाण्यात भिजवून ठेवतात व पृष्ठभागावरील पाणी ओसरल्यावर लावतात. कोरडी वीट मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि सिमेंट घट्ट होण्यास पाणीच उरत नाही. पुढे गिलावा करायचा असल्यास मसाला ओला असतानाच सांधे सुमारे १० मिलिमीटर खोल खरवडतात.

गिलाव्यासाठी वाळू बारीक चाळणीतून गाळून घेतात. मसाला थोडा मऊ ठेवतात, पण भिंतीवर मारल्यावर तो घसरू नये. भिंत झाडून व ओली करून घेतात. वीट आणि काँक्रीट यांच्या जोडावर दोन्हींच्या आकसण्यातील फरकाने उभा तडा जातो, म्हणून तेथे जाळी ठोकतात.

आयएस २२५० नुसार पाणी घातल्यापासून दोन तासांत मसाला संपवावा. सुप्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तो त्याआधीच घट्ट होऊ लागतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तासात संपेल इतकाच एका वेळी कालवणे श्रेयस्कर असते. घट्ट झालेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो वापरल्यास ताकद आणि चिकटपणा दोन्ही घटतात.

उदाहरण

सुप्यात ३ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि २३ सेंटिमीटर जाडीची भिंत बांधायची आहे, असे मानू. तिचे आकारमान २.०७ घनमीटर होते. त्यातील सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे ०.५२ घनमीटर, मसाला असतो. कोरडे मिश्रण पाणी घातल्यावर आक्रसते, म्हणून ३० टक्के वाढ धरल्यास कोरडा माल ०.६८ घनमीटर येतो. १:६ प्रमाणात त्याचा सातवा भाग सिमेंट, म्हणजे सुमारे १४० किलो किंवा २.८ गोण्या, आणि वाळू सुमारे ०.५८ घनमीटर लागते.

याच भिंतीच्या बाहेरील ९ चौरस मीटरवर एकूण २० मिलिमीटर गिलाव्यास ०.१८ घनमीटर मसाला होतो. सांधे व उंचसखलपणा यांसाठी २० टक्के आणि कोरड्या मालासाठी ३० टक्के वाढ धरल्यास तो ०.२८ घनमीटर भरतो. १:४ प्रमाणात सुमारे ८१ किलो सिमेंट लागते. तेथे १:३ प्रमाण घेतल्यास सुमारे १०१ किलो लागेल, म्हणजे २० किलो सिमेंट अधिक खर्चून तडे जाण्याची शक्यता वाढेल.

पाणी मारणे व दोष

वीटकाम आणि गिलावा दोन्ही किमान सात दिवस ओले ठेवावे लागतात. गिलाव्याचा थर पातळ असल्याने कोरड्या वाऱ्यात तो काही तासांतच सुकतो. टंचाईच्या काळात गोणपाट टांगून ते ओले ठेवल्यास कमी पाण्यात काम भागते. मे महिन्यात ऊन पडलेल्या भिंतीवर दुपारी गिलावा करणे टाळतात.

नखाने किंवा खिळ्याने ओरखडल्यावर भुकटी सुटत असल्यास सिमेंट कमी पडले आहे किंवा पाणी नीट मारलेले नाही. जाळीदार तडे असल्यास सिमेंट किंवा भुकटी अधिक झाली आहे, अथवा थर झपाट्याने सुकला आहे. थापीच्या दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो. असा भाग काढून, सांधे खरवडून व भिंत भिजवून पुन्हा करावा लागतो. त्यावर केवळ सिमेंटचा लेप दिल्याने तो पुन्हा धरत नाही.