दुखवटा: वस्त्रापासून मेसेजपर्यंत

सकाळी साडेनऊला ऑफिसच्या ग्रुपवर बातमी येते. अकाउंट्समधल्या एका सहकारी बाईंच्या आई रात्री गेल्या. पुढच्या पंधरा मिनिटांत तीस जण तेच दोन शब्द लिहितात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि हात जोडलेलं चिन्ह टाकतात. लिहिणाऱ्यांना वाईट वाटलेलं असतं, यात शंका नाही. पण हे तीस संदेश नेमके कुणाला गेले, हे पाहायचं तर या शब्दांच्या कुळापर्यंत जावं लागतं.

श्रद्धांजलीतली ‘अंजली’ म्हणजे ओंजळ. तर्पणात तीळ मिसळलेलं पाणी ओंजळीने सोडतात, ती तिलांजली. ती मृताला द्यायची असते. श्रद्धांजलीही त्याच घरातली: ओंजळीत पाण्याऐवजी श्रद्धा, पण घेणारा तोच, गेलेला माणूस. शोकसभेत किंवा अग्रलेखात हा शब्द चपखल बसतो. पण ज्या आईंना आपण कधी पाहिलंही नाही त्यांना श्रद्धांजली वाहून आपण थांबतो, तेव्हा मागे राहिलेली मुलगी आपल्या बोलण्यात येतच नाही.

जिवंत माणसासाठी मराठीत वेगळे शब्द होते. पहिला ‘समाचार’. आज त्याचा अर्थ बातमी, किंवा ‘चांगलाच समाचार घेतला’ म्हणजे खरडपट्टी. पण ‘समाचाराला जाणं’ म्हणजे आजाऱ्याच्या किंवा दुःखातल्या घरी जाऊन विचारपूस करणं. या भेटीची रीत ठरलेली होती. जायचं, जवळ बसायचं, बोलणं सुचलं नाही तर गप्प बसायचं. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. अशा प्रसंगाने पुन्हा येणं होऊ नये म्हणून नुसतं उठायचं. घरच्यांनीही ‘या’ म्हणायचं नाही. इथे शब्दांवर भार नव्हता, जाण्यावर होता.

दुसरा शब्द ‘दुखवटा’. आज तो ऐकला की अर्ध्यावर उतरवलेला झेंडा डोळ्यांपुढे येतो. पण दुखवटा मुळात हातात धरता येणारी वस्तू होती. पेशवाईच्या काळच्या कागदपत्रांत दुखवट्याची वस्त्रं पाठवल्याचे उल्लेख येतात. एखाद्या घरचा कर्ता गेला की दरबाराकडून वा सोयऱ्यांकडून मागे राहिलेल्यांना वस्त्रं जात. शोकात बसलेल्या माणसाला नवं वस्त्र देऊन पुन्हा चारचौघांत आणायचं, हा त्यातला अर्थ. गावाकडे ही रीत अजून दिसते. दिवसकार्य झालं की सोयरे टॉवेल-टोपी, लुगडं आणतात. सुतकात घरची चूल बंद असते तेव्हा शेजारून पिठलं-भात येतो. म्हणजे दुखवट्यात एक ओझं उचललेलं असायचं: आजचं जेवण तुम्ही करू नका, आम्ही आणलंय.

मग माणसं नोकरीसाठी लांब गेली आणि समाचार कागदावर आला. हिंदुस्थानात पोस्टकार्ड 1879 साली पाव आण्याला मिळू लागलं. मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. वाचायच्या आधीच घरातल्यांना कळावं, ही त्यामागची सोय. असं कार्ड वाचून झालं की फाडून टाकत, घरात ठेवत नसत. उत्तरादाखल जाणारं पत्र मात्र पुष्कळदा लांब असे, कारण लिहिणाऱ्याला गेलेला माणूस ठाऊक असे.

तारेने ते लांबण संपवलं. तारेला शब्दामागे पैसे पडत, त्यामुळे चार-सहा शब्दांचे ठरावीक साचे रुळले. सभा-संस्थांत दुखवट्याचा ठराव आला. त्याच्या जोडीला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं आलं. ती प्रथा पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी 11 नोव्हेंबर 1919 रोजी ब्रिटिश साम्राज्यभर पाळल्या गेलेल्या शांततेतून पसरली. ठराव करायचा, उभं राहायचं, प्रत कुटुंबाकडे पाठवायची. दुखवटा आता वस्तू राहिली नाही, वाक्य झालं. ‘पितृछत्र हरपले’, ‘मृतात्म्यास सद्गती लाभो’, ‘दुःख सहन करण्याचे बळ मिळो’ ही वाक्यं संस्थेच्या कागदावर शोभतात, कारण संस्थेला चेहरा नसतो. तीच वाक्यं शेजारच्या टेबलावरच्या माणसाने लिहिली की परकी वाटतात.

सहकाऱ्याचं नातं या जुन्या रीतींत बसत नाही. तो सोयरा नाही, शेजारी नाही. आपण त्याच्यासोबत दिवसाचे आठ तास असतो, पण त्याच्या घरचं ठाऊक असतं ते डब्यातून आणि फोनवरच्या बोलण्यातून. तेवढ्यावरही चांगली विचारपूस करता येते. त्या सकाळी अकाउंट्समधल्याच एका गृहस्थांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांनी बाईंना वेगळा मेसेज केला:

‘ताई, आई गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. त्यांना कधी भेटलो नाही, पण तुमच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीमुळे त्या आम्हा सगळ्यांना माहीत होत्या. वीस तारखेचं जीएसटीचं रिटर्न मी भरतो, कागद माझ्याकडे आहेत, त्यासाठी तुम्हाला फोन येणार नाही. रविवारी संध्याकाळी भेटायला येतो. याला उत्तर देऊ नका.’

यात जुनं सगळं आहे. ‘गेल्या’ हे साधं क्रियापद आहे. ‘कैलासवासी’ एखाद्या मुस्लिम, ख्रिस्ती किंवा बौद्ध सहकाऱ्याच्या घरी चालणार नाही, ‘गेल्या’ कुठेही चालतं. चटणीची आठवण खरी आहे आणि जेवढी ओळख होती तेवढीच आहे. रिटर्नचं वाक्य हा आजचा दुखवटा: पिठलं-भाताच्या जागी एक काम उचललेलं आहे. ‘काही लागलं तर सांगा’ असं लिहिलं असतं, तर काय लागेल ते शोधायचं आणि मागायचं काम त्याच बाईंवर पडलं असतं. आणि ‘उत्तर देऊ नका’ म्हणजे निरोप न घेता उठून जाणं.

काय नाही तेही पाहा. ‘कसं झालं?’ हा प्रश्न नाही. तो दिवसभरात पन्नास जण विचारतात आणि प्रत्येक वेळी ती रात्र पुन्हा सांगावी लागते. ‘वय झालं होतं’, ‘सुटल्या बिचाऱ्या’ हेही नाही. आजारपण काढलेल्या घरातल्या माणसाने ‘सुटली’ म्हटलं तर त्यामागे त्याची जागरणं असतात. बाहेरच्याने म्हटलं की दुःख कमी करून मोजल्यासारखं होतं. घरचं कुणी तसं म्हणालं तर मान हलवावी, आपण होऊन म्हणू नये.

चौदाव्या दिवशी बाई कामावर आल्या. ग्रुपवरचे तीस संदेश त्यांनी पाहिले होते, पण कुणी काय लिहिलं ते त्यांना आठवत नव्हतं. रिटर्न भरलं गेलंय, हे आठवत होतं. ग्रुपवर श्रद्धांजली जरूर लिहा, ती गेलेल्या माणसासाठी आहे. मग मागे राहिलेल्या माणसाला वेगळं लिहा, आणि त्याचं एक काम आपल्याकडे घ्या.