जस्ताची गोळी आणि पाळणा : एका आशेचा साठ वर्षांचा इतिहास

पुरुषांच्या वंध्यत्वावर म्हणून औषधाच्या दुकानात जी पूरके मिळतात, त्यांच्या वेष्टनावरील घटकांची यादी बहुधा सारखीच असते: जस्त म्हणजे झिंक, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, सेलेनियम, एल-कार्निटिन, लायकोपिन आणि कोएन्झाइम क्यू टेन. यांपैकी जस्ताची कथा सर्वांत जुनी आहे आणि तिचा आरंभ एका भारतीय डॉक्टरापासून होतो. ही कथा खरी आहे. तिच्यातून पुढे जे अनुमान काढले गेले, ते मात्र कसोटीला उतरले नाही. या दोहोंमधले अंतर कसे पडले, हे पाहिले की पूरकांच्या पुराव्याचे एकूण मोल ध्यानात येते.

बिहारमधील बक्सरचे आनंद प्रसाद हे पाटण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून अमेरिकेत गेले आणि तेथून १९५८ साली इराणमधील शिराझ येथे पोहोचले. तेथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. उंची खुंटलेली, जननेंद्रिये बालकासारखी आणि अंगात तीव्र रक्तक्षय. आहार म्हणजे गव्हाच्या कोंड्यासकट पिठाची, न आंबवलेली रोटी. मांस-दूध जवळजवळ नाही. शिवाय माती खाण्याची सवय. आसपासच्या खेड्यांतून असेच आणखी रुग्ण आले. लोहाच्या अभावाने रक्तक्षय समजतो, पण खुंटलेली वाढ आणि न आलेले पौगंड त्याने समजत नव्हते. प्रसादांनी तर्क केला की धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचे द्रव्य लोहाबरोबर जस्तालाही बांधून ठेवत असावे आणि आतड्यातून ते रक्तात जाऊ देत नसावे. पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांच्या रक्तातील, केसांतील जस्त मोजले गेले, तेव्हा ते खरोखरच कमी निघाले. जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढली आणि खोळंबलेले पौगंड काही महिन्यांत आले. मानवाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हे वैद्यकाने तेव्हा प्रथम मान्य केले.

यानंतरचा टप्पा अधिक थेट होता. प्रसादांच्या डेट्रॉइट येथील गटाने १९८० साली पाच स्वयंसेवक पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या आहारातील जस्त दिवसाला २.७ ते ५ मिलीग्रॅमपर्यंत उतरवले आणि ते कित्येक महिने तसेच ठेवले. पाचांपैकी चौघांची शुक्राणुसंख्या घसरली. जस्त पुन्हा सुरू केल्यावर ती सावरली. पण लगेच नव्हे, सहा ते बारा महिन्यांनी. वृषणांना जस्त लागते आणि ते न मिळाल्यास शुक्राणूंची निर्मिती मंदावते, याहून स्वच्छ पुरावा मागणे कठीण.

येथपर्यंत सारे निर्विवाद आहे. आता पुढची पायरी पाहा. अभावाने शुक्राणू घटतात, म्हणून ज्याचे शुक्राणू कमी आहेत त्याला जस्त द्यावे, असे अनुमान निघाले. हे वाक्य ऐकायला सरळ वाटते, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे: शुक्राणू कमी असलेल्या पुरुषाच्या शरीरात जस्तही कमी असते. विहीर आटली तर पीक करपते, हे खरे. पण करपलेले प्रत्येक पीक पाण्यावाचून करपलेले नसते, त्याला कीडही लागलेली असू शकते.

२००२ साली नेदरलँड्समधील एका गटाने ही कल्पना नीट तपासली. १०८ प्रजननक्षम आणि १०३ अल्पप्रजननक्षम पुरुष घेतले. सव्वीस आठवडे रोज ६६ मिलीग्रॅम झिंक सल्फेट आणि ५ मिलीग्रॅम फॉलिक आम्ल, किंवा दिसायला तशीच निष्प्रभ गोळी, अशी त्यांची विभागणी केली. दोन्ही घटक मिळालेल्या अल्पप्रजननक्षम पुरुषांत सामान्य शुक्राणूंची एकूण संख्या ७४ टक्क्यांनी वाढली. हा आकडा जगभर गेला आणि त्यानंतरच्या कितीतरी गोळ्यांच्या जाहिरातींना त्याने आधार पुरवला. त्याच निबंधातील दुसरी नोंद मात्र फारशी कोणी उद्धृत केली नाही: उपचारापूर्वी दोन्ही गटांच्या रक्तातील आणि वीर्यातील जस्ताच्या व फॉलेटच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे ज्यांना अपत्यप्राप्तीत अडचण येत होती, त्यांच्यात जस्ताची उणीव नव्हतीच. शिवाय मोजली गेली ती शुक्राणुसंख्या, मूल झाले की नाही हे नव्हे.

हा भेद किरकोळ नाही. शुक्राणूंची संख्या ही फार चंचल गोष्ट आहे. एकाच पुरुषाचे दोन महिन्यांतील दोन नमुने निम्म्या-दुपटीने वेगळे निघू शकतात. ताप येऊन गेला, संयमाचे दिवस कमी-अधिक झाले, तरी आकडा हलतो. आता असे समजा की एखाद्याची सरासरी मिलीलिटरमागे दोन कोटी आहे, पण ज्या दिवशी तपासणी झाली त्या दिवशी एक कोटी वीस लाख निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची सध्याची खालची मर्यादा एक कोटी साठ लाख आहे, म्हणून तो 'कमी' ठरला. त्याला गोळी दिली. तीन महिन्यांनी आकडा एक कोटी नव्वद लाख आला. गोळीने किमया केली असे रुग्णालाही वाटते आणि डॉक्टरलाही. प्रत्यक्षात तो फक्त आपल्या सरासरीकडे परतला. गोळी नसती तरी परतला असता. ज्या अभ्यासात निष्प्रभ गोळी घेणारा तुलनेचा गट नाही, त्यातील सुधारणेवर विश्वास का ठेवू नये, याचे कारण एवढेच आहे.

प्रतिऑक्सिडकांच्या कल्पनेचे मूळही असेच सच्चे आहे. जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ मध्ये दाखवून दिले होते की जास्त प्राणवायूत ठेवलेल्या मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे विकर घातले तर ती टिकते. शुक्राणूच्या पटलात असंपृक्त मेद भरपूर असतो आणि दुरुस्तीची यंत्रणा तोकडी असते, म्हणून ऑक्सिडीकरणाने त्याची हानी चटकन होते. कोएन्झाइम क्यू टेनचा युक्तिवाद याच्याच शेजारचा. हे द्रव्य १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे गाईच्या हृदयातील तंतुकणिकांतून वेगळे केले गेले. ऊर्जानिर्मितीच्या साखळीत ते इलेक्ट्रॉन वाहून नेते. शुक्राणूच्या मानेमागचा भाग तंतुकणिकांनी गच्च भरलेला असतो, तेव्हा त्याला हे इंधनवाहक द्यावे, असा विचार झाला. २०१३ मध्ये या द्रव्याच्या तीन चाचण्या एकत्र करून पाहण्यात आल्या. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल वाढलेली दिसली. गर्भधारणा वाढल्याचे दिसले नाही. आणि जिवंत बाळ जन्माला आले का, याची नोंद एकाही चाचणीत नव्हती.

सर्व प्रतिऑक्सिडकांचा एकत्र हिशेब कॉक्रेन या संस्थेने वेळोवेळी मांडला आहे आणि त्या हिशेबाचा प्रवासच बोलका आहे. २०११ च्या आढाव्यात जिवंत अपत्यजन्माच्या शक्यतेचे गुणोत्तर ४.८५ आले, म्हणजे जवळजवळ पाचपट. पण ते केवळ तीन चाचण्यांतील २१४ जोडप्यांवर आणि एकूण २० जन्मांवर उभे होते. २०१९ च्या आढाव्यात तेच गुणोत्तर १.७९ वर आले आणि २०२२ मध्ये, बारा चाचण्या व सुमारे १,३०० पुरुष जमा झाल्यावर, १.४३ वर. त्यातूनही ज्या चाचण्यांची रचना सदोष होती त्या वगळल्या, तेव्हा लाभ उरला नाही. खरा परिणाम असेल तर माहिती वाढेल तसा तो स्थिरावतो. येथे माहिती वाढत गेली तसतसा तो वितळत गेला. लहान चाचण्यांपैकी ज्यांत योगायोगाने यश दिसते त्या छापल्या जातात, बाकीच्या कपाटात राहतात. सुरुवातीचे मोठे आकडे बहुधा असेच जन्म घेतात.

जस्तापुरता निकाल २०२० साली लागला. अमेरिकेतील चार केंद्रांवर, वंध्यत्वाचे उपचार सुरू करणाऱ्या २,३७० जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलीग्रॅम जस्त व ५ मिलीग्रॅम फॉलिक आम्ल, किंवा निष्प्रभ गोळी देण्यात आली. या वेळी मोजमाप नुसत्या शुक्राणूंवर थांबले नाही; मुलांच्या जन्मांचीही नोंद झाली. गोळी घेणाऱ्यांच्या घरी ४०४ बाळे जन्मली, न घेणाऱ्यांच्या घरी ४१६. म्हणजे ३४ टक्के आणि ३५ टक्के. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांतही फरक पडला नाही. उलट तुटलेल्या डीएनएचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत किंचित अधिक होते, २९.७ विरुद्ध २७.२ टक्के, आणि पोटदुखी, मळमळ यांच्या तक्रारीही जास्त. त्याच वर्षी सात घटकांच्या मिश्रणाची एक छोटी अमेरिकी चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे १७० पुरुषांच्या त्या चाचणीतही शुक्राणू सुधारले नाहीत आणि जन्मही वाढले नाहीत. अमेरिकेतील मूत्रविकार व प्रजननवैद्यकाच्या संघटनांनी त्यांच्या मार्गदर्शिकेत या पूरकांची उपयुक्तता शंकास्पद असल्याचे नोंदवले.

या निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या चाचणीतले पुरुष अमेरिकन आहार घेणारे होते. आपल्याकडे फायटेटयुक्त धान्य अधिक खाल्ले जाते; म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी जस्ताची शिफारस रोज १७ मिलीग्रॅम, म्हणजे पाश्चात्त्य मानकांहून जास्त ठेवली आहे. ज्याला खरोखर कमतरता आहे, त्याला जस्त द्यावेच. शिराझमधील तरुणांनी ते शिकवले आहे. मात्र सरसकट गोळी देणे हे त्यातून निघत नाही. जस्ताचा अतिरेक तांब्याचे शोषण रोखतो, म्हणून रोज ४० मिलीग्रॅम ही वरची मर्यादा सांगितलेली आहे. वेष्टनावरचा आकडा क्षाराचा आहे की मूळ जस्ताचा, हेही पाहावे लागते, कारण क्षाराच्या वजनात जस्त थोडेच असते.

शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात, म्हणून प्रत्येक गोळीची 'वाट पाहणे' किमान एका तिमाहीचे असते. दोन-तीन गोळ्या पालटल्या की वर्ष सरते. तेवढ्या काळात वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, संप्रेरकांचा बिघाड किंवा व्यायामशाळेत घेतलेले टेस्टोस्टेरॉन, जे शुक्राणुनिर्मिती थांबवते, यांपैकी काहीही तपासणीविना राहू शकते. शिवाय पत्नीचे वयही तेवढे वाढते, आणि ते कोणतीही गोळी मागे नेत नाही. म्हणून गोळीच्या आधी वीर्याची तपासणी, तीही एकदा नव्हे दोनदा, आणि डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शारीरिक परीक्षा, हा क्रम योग्य. नव्या पूरकाचा दावा समोर आला की प्रश्नही दोनच विचारावेत: तुलनेला निष्प्रभ गोळी होती का, आणि शेवटी मोजले काय, शुक्राणू की बाळे?