कोलन वॉटरचे वंशज

दुकानात एकाच नावाच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एकीवर ‘ओ द त्वालेत’, म्हणजे ईडीटी. दुसरीवर ‘ओ द पार्फम’, म्हणजे ईडीपी. तिसरी मोठी आणि स्वस्त, ती बॉडी मिस्ट. ताकात जितकं पाणी जास्त तितकं ते पातळ, तसाच हा प्रकार असावा असं बहुतेकांना वाटतं. हे अर्धंच खरं आहे. हे तीन प्रकार वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी जन्मले. ती कामं कळली की रोज ऑफिसला जाताना काय लावायचं याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

या कुळाचा नामांकित पूर्वज आपल्या घरांत पूर्वीपासून ओळखीचा आहे. ताप चढला की कपाळावर ज्याच्या घड्या ठेवत, तेच ते कोलन वॉटर. योहान मारिया फारिना हा मूळचा इटालियन गंधी जर्मनीतल्या कोलन शहरात स्थायिक झाला; तिथली त्याच्या घराण्याची पेढी 1709 सालची. बर्गमॉट, लिंबू, संत्रं अशा फळांच्या सालींची तेलं त्याने जवळजवळ शुद्ध मद्यार्कात विरघळवली. तोवरचे कस्तुरी-अंबराचे वास जड आणि रेंगाळणारे होते. हा वास मोकळा, ताजा होता आणि लवकर उडून जाणारा होता. ते उडून जाणं लोकांना खटकलं नाही, कारण हे पाणी थेंबाने लावायचं नव्हतंच. ते ओंजळीत घेऊन अंगाला चोळत, आंघोळीच्या पाण्यात घालत, औषध म्हणून पीतसुद्धा. नेपोलियन ते अक्षरशः बाटल्यांनी वापरायचा. त्याच्याच सरकारने 1810 मध्ये फर्मान काढलं की गुप्त औषधांची कृती सरकारला कळवावी. कृती उघड करण्यापेक्षा कोलन वॉटर विकणाऱ्यांनी आपला माल औषध नसून निव्वळ सुगंध आहे, असं म्हणणं पत्करलं. कपाळावरच्या घडीत मात्र त्याचं जुनं औषधीपण टिकून राहिलं. मद्यार्क भरकन उडतो, उडताना उष्णता ओढून घेतो आणि कपाळाला गार वाटतं.

ईडीटी ही याच घराण्यातली. सकाळच्या प्रसाधनाच्या वेळी सढळ हाताने लावायचं सुगंधी पाणी, हे तिचं मूळ काम. तिच्यात सुगंधी अर्काचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असतं. प्रमाणापेक्षाही तिची घडण महत्त्वाची. लिंबूवर्गी, हिरवट, हलक्या फुलांचे वास तिच्यात पुढे असतात. 1966 साली एडमों रुदनित्स्का यांनी दिओरसाठी रचलेली ‘ओ सोवाज’ हे याचं प्रसिद्ध उदाहरण. तिच्यात लिंबासोबत हेडिओन नावाचं, जाईच्या वासाशी नातं सांगणारं रासायनिक द्रव्य वापरलं होतं. त्यामुळे ताजेपणा थोडा जास्त टिकला आणि वास हवेशीरही राहिला.

दुसरं घराणं अर्काचं. चिमुकली बाटली, काचेचं बूच, मनगटावर आणि कानामागे एखादाच थेंब. त्यात अर्क 20 टक्क्यांहून अधिक असायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत कूमरिन आणि व्हॅनिलिन तयार होऊ लागलं. ही गोडसर, त्वचेवर तासन्‌तास बसून राहणारी द्रव्यं हाती आली आणि अर्काच्या सुगंधांना भक्कम तळ मिळाला. विसाव्या शतकात फवाऱ्याच्या बाटल्या घरोघर रुळल्या, तसा या दोन घराण्यांच्या मधला एक प्रकार पुढे आला: अर्काची जडता आणि टिकाऊपणा, पण फवारता येईल इतका पातळ. तोच ईडीपी. त्यात अर्क साधारण 15 ते 20 टक्के.

शनेल नंबर 5 या एका नावाच्या वाटचालीत हे स्पष्ट दिसतं. 1921 साली अर्नेस्ट बो यांनी तो अर्क म्हणून रचला. त्याची ईडीपी मात्र आली 1986 मध्ये, आणि ती जाक पोल्ज यांनी नव्याने रचली होती. जुन्या अर्कात मद्यार्क ओतून ती बनलेली नाही. म्हणून एखाद्याची ईडीटी आवडली तर त्याच नावाची ईडीपी डोळे मिटून घेऊ नये. तो वेगळा सुगंध असू शकतो.

बॉडी मिस्टचा वंश न्हाणीघरातला. 1930च्या दशकात अमेरिकेत आंघोळीनंतर अंगावर शिंपडायची सुगंधी पाणी लोकप्रिय झाली. मिस्ट हा त्यांचाच फवाऱ्याचा अवतार. अर्क जेमतेम 1 ते 3 टक्के, तळाची द्रव्यं फार थोडी, म्हणून वास तास-दोन तासांत जातो.

आता एक खरा दिवस घेऊ. सकाळी आठची लोकल, नऊ ते सहा एसी ऑफिस, परत लोकल. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिलिलिटर द्रव निघतो. 10 टक्क्यांच्या ईडीटीचे तीन फवारे मारले किंवा 15 टक्क्यांच्या ईडीपीचे दोन, अंगावर अर्क सारखाच बसतो, सुमारे 0.03 मिलिलिटर. 2 टक्क्यांच्या मिस्टने तेवढाच अर्क लावायचा तर पंधरा फवारे लागतील. म्हणजे वासाची मात्रा फवाऱ्यांनी सांभाळता येते, स्वभाव मात्र नाही. ईडीपीचा गोड, लाकडी, कस्तुरीचा तळ लोकलच्या उकाड्यात फुलतो आणि बंद एसी खोलीत तसाच साचून राहतो. ईडीटीचा तजेला पहिल्या दोन तासांत ओसरतो आणि दुपारी तो जवळ आलेल्यालाच जाणवतो. टेबलाला टेबल लागून बसणाऱ्यांसाठी हेच योग्य.

म्हणून रोजच्या ऑफिसला माझी निवड ईडीटीच, सदऱ्याच्या आत छातीवर आणि मानेमागे मिळून दोन-तीन फवारे. ईडीपीच आवडत असेल तर एकच फवारा, तोही कपड्याखाली, आणि घराबाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी. मिस्ट संध्याकाळी घामाघूम झाल्यावर ताजंतवानं व्हायला उत्तम, पण ती दिवसभर टिकावी म्हणून दर तासाला मारत राहणं शेजारच्याला जाचक होतं. कुणाला तीव्र वासाने अर्धशिशी उठते, कुणाला दमा असतो.

चूक बहुधा नाकामुळे होते. आपलं नाक आपल्याच वासाला काही मिनिटांत सरावतं, सुगंध उडाला असं वाटतं आणि आपण पुन्हा फवारतो. खात्री करायची तर सकाळी मनगटावर आणि रुमालाच्या टोकावर एकेक फवारा मारून रुमाल डब्यात बंद ठेवावा. जेवणाच्या सुट्टीत मोकळ्या हवेत दहा मिनिटं फिरून यावं, मग रुमाल आणि मनगट आळीपाळीने हुंगावेत. वास अजून आहे हे लगेच कळतं.

विकत घेतानाही घाई नको. कागदी पट्टीवर पहिल्या मिनिटांचा वास येतो, आणि तोच सर्वांत मोहक ठेवलेला असतो. मनगटावर एक फवारा मारून घरी जावं आणि चार तासांनी हुंगावं. दुपारच्या बैठकीत आपल्याबरोबर जो वास असणार आहे तो हाच. तो आवडला तरच पैसे द्यावेत, बाटलीवर ईडीटी लिहिलेलं असो वा ईडीपी. प्रमाणाचे हे आकडे प्रथेचे आहेत, कायद्याचे नाहीत, आणि एका कंपनीची ईडीटी दुसरीच्या ईडीपीपेक्षा जास्त टिकू शकते. अंतिम निकाल आपल्या त्वचेवरच लागतो.