रेडिएटर थंडच? व्हॉल्व्हची पिन पाहा

जर्मनीत घरे तापविण्याचा हंगाम रूढीने १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असा मानला जातो. आपल्याकडे नवरात्र-दसऱ्याची धामधूम असते, त्याच सुमारास नोकरी-शिक्षणासाठी म्युनिक किंवा स्टुटगार्टला राहणारी मराठी कुटुंबे रेडिएटरचा नॉब पहिल्यांदा फिरवतात. अनेकदा इतर खोल्या तापतात आणि एकच रेडिएटर थंडगार राहतो. नवखा भाडेकरू नॉब ५ वर नेऊन तासभर वाट पाहतो, फरक पडत नाही. दोष बहुधा नॉबमध्ये नसून त्याच्या आड दडलेल्या, आगपेटीच्या काडीएवढ्या जाडीच्या धातूच्या पिनमध्ये असतो.

हे उपकरण नळाच्या तोटीसारखे दिसत असले, तरी तोटीसारखे चालत नाही. नॉबच्या पोटात मेण किंवा द्रव भरलेली डबी असते. खोली तापली की हा पदार्थ प्रसरण पावतो आणि पिन आत दाबतो. पिनच्या आतल्या टोकाची रबरी चकती पाण्याच्या वाटेवर बसते आणि प्रवाह थांबतो. खोली गार झाली की डबी आकसते, व्हॉल्व्हमधील स्प्रिंग पिन बाहेर ढकलते आणि वाट मोकळी होते. थोडक्यात, बंद करण्याचे काम नॉबचे, उघडण्याचे काम स्प्रिंगचे. नॉबवरील ३ हा आकडा साधारण २० अंश सेल्सियस दर्शवितो. जुलैत खोलीचे तापमान २७-२८ अंशांवर गेले, तर नॉब ३ वर असूनही व्हॉल्व्ह घट्ट बंदच राहतो.

अशी तीन-चार महिने दाबलेली रबरी चकती बैठकीला चिकटून बसते. पिन ज्या छिद्रातून बाहेर येते, तेथील रबरी कड्यापाशी पाण्यातील क्षार आणि गंज साचतो. मग ऑक्टोबरमध्ये नॉबने दाब सोडला, तरी पिन बाहेर ढकलण्यास स्प्रिंगचे बळ पुरत नाही.

मात्र नॉबला हात लावण्यापूर्वी दोष पिनचाच आहे, याची खात्री करावयास हवी. घरातील सर्वच रेडिएटर थंड असतील, तर प्रश्न बॉयलरचा किंवा इमारतीच्या यंत्रणेचा आहे. रेडिएटर खाली गरम आणि वर थंड असेल, तर आत हवा अडकली आहे. ती लहान चावीने सोडता येते. पण व्हॉल्व्हपर्यंत येणारी नळी गरम आणि व्हॉल्व्हच्या पुढे रेडिएटर पूर्ण थंड असेल, तर संशय पिनवर घ्यावा.

स्टुटगार्टमधील तीन खोल्यांच्या जुन्या सदनिकेचे उदाहरण घेऊ. मुलांच्या खोलीतील नॉब जूनपासून १ वर होता. ऑक्टोबरात तो ४ वर नेला, तरी रेडिएटर थंड. नळी हाताला चटका देते आहे. हवा सोडण्याच्या तोटीतून लगेच पाणी येते, म्हणजे आत हवा नाही. आता नॉब काढावयाचा. त्यासाठी तो आधी ५ वर न्यावा, म्हणजे पिनवरचा दाब सुटतो. नॉब आणि व्हॉल्व्ह यांच्यामधील खरखरीत कड्याचा नट डावीकडे फिरवला की नॉब सुटून हातात येतो. नट घट्ट असेल, तर भोवती फडके गुंडाळून पक्कड लावावी. काही बनावटींत नटाऐवजी लहान स्क्रू किंवा खटक्याची पकड असते. नॉब काढल्याने पाणी बाहेर येत नाही, कारण पाणी अडविणारा भाग व्हॉल्व्हमध्येच राहतो.

आता पिन दिसते. ती किती बाहेर असावी, याचे माप बनावटीनुसार बदलते. म्हणून त्याच घरातील चालू रेडिएटरचा नॉब काढून तेथील पिनशी तुलना करणे सर्वांत सोपे. आपल्या उदाहरणात बैठकीच्या खोलीतील पिन ठळकपणे बाहेर आहे, ती लाकडी पट्टीने दाबली की ३-४ मिलिमीटर आत जाते आणि सोडताच उसळून परत येते. मुलांच्या खोलीतील पिन मात्र आत बसलेली आहे आणि हलत नाही.

ती सोडविताना घाई नडते. प्रथम व्हॉल्व्हच्या पितळी अंगावर बाजूने, हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके टोले द्यावेत. पिनच्या टोकावर मात्र टोला मारू नये. ती वाकते किंवा आणखी आत रुतते. त्यानंतर पिनच्या मुळाशी सिलिकॉन स्प्रेचा थेंबभर फवारा देऊन काही मिनिटे थांबावे. मग पट्टीने पिन किंचित आत दाबून सोडावी. उलटे वाटले, तरी या दाबानेच चकतीची पकड ढिली होते. असे दहा-पंधरा वेळा केल्यावर बहुधा पिन एकदम उसळते आणि नळीतून पाणी वाहण्याचा आवाज येतो. एवढ्यानेही न हलल्यास पक्कडीने पिन अलगद धरून जागच्या जागी थोडी फिरवावी, पण ओढून काढण्याचा मोह टाळावा. काही व्हॉल्व्हमध्ये पिन पूर्ण निघून येते आणि साधारण दीड-दोन बार दाबाचे गरम, काळपट पाणी थेट खोलीत उडते. भाड्याच्या घरात तर त्याआधीच थांबून हाउसमाइस्टरला किंवा घरमालकाला कळविणे शहाणपणाचे, कारण यंत्रणेची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी असते.

पिन सुटली, उसळते आहे, नॉबही अद्याप काढलेलाच आहे, तरीही रेडिएटर थंड असेल, तर दोष आत आहे. बहुधा रबरी चकती पिनपासून निखळून बैठकीलाच चिकटलेली असते किंवा परतीच्या नळीवरील व्हॉल्व्ह बंद असतो. दाबलेली पिन परत येतच नसेल, तर स्प्रिंग तुटलेली असू शकते. ही कामे कारागिराची.

नॉब काढलेला असताना रेडिएटर तापला आणि परत बसविताच थंड पडला, तरच नॉबवर संशय घ्यावा. सुट्या नॉबच्या तळाशी लहान दट्ट्या दिसतो. नॉब ५ वर नेला की तो आत जावा आणि १ वर आणला की बाहेर यावा. मुळात नॉब बिघडला, आतला द्रव गळून गेला, तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि रेडिएटर सतत तापतो. थंड रेडिएटरसाठी नवा नॉब विकत आणणारे म्हणूनच बहुधा पैसे वाया घालवितात. अपवाद जाड पडद्याचा: पडद्याआड कोंडलेल्या उष्णतेमुळे नॉबला खोली तापल्याचा भास होतो आणि तो व्हॉल्व्ह बंद करतो.

नॉब परत बसविताना तो ५ वरच ठेवावा, आकडे समोर दिसतील असा धरावा आणि नट शक्यतो हातानेच आवळावा. स्टुटगार्टच्या त्या खोलीत दहाएक मिनिटांत रेडिएटरचा वरचा भाग कोमट लागू लागतो.

मे महिन्यात यंत्रणा बंद झाली की नॉब १ वर न ठेवता ५ वर ठेवावा, म्हणजे पिन उन्हाळाभर बाहेर राहते. त्याआधी यंत्रणा खरोखर बंद आहे ना, हे पाहावे. बंद नसेल, तर गार रात्री रेडिएटर तापेल आणि त्याचे बिल भाडेकरूच्या माथी येईल. बॅटरीवर चालणाऱ्या अनेक इलेक्ट्रॉनिक नॉबना ही काळजी लागत नाही. ते आठवड्यातून एकदा स्वतःच पिन पूर्ण आत-बाहेर करतात. मात्र त्यासाठी उन्हाळ्यात बॅटरी काढून ठेवता कामा नये.