प्रभावी करदराचा ताळमेळ

प्रभावी करदराचा ताळमेळ म्हणजे कंपनीच्या नफा-तोटा पत्रकातील करखर्च वैधानिक दराने येणाऱ्या करापेक्षा वेगळा का आहे, हे दाखवणारे विवरण होय. भारतात ते 'इंड एएस १२' या लेखा मानकानुसार दिले जाते.

उदाहरणार्थ, करपूर्व नफा १०० कोटी रुपये व वैधानिक दर २५.१६८ टक्के असल्यास अपेक्षित कर २५.१७ कोटी होतो. सामाजिक उत्तरदायित्वावरील २ कोटींचा खर्च व्यवसायखर्च म्हणून कधीच वजावटीस पात्र ठरत नाही. या कायम फरकामुळे कर ०.५० कोटींनी वाढून प्रभावी दर २५.६७ टक्के होतो. घसाऱ्यातील फरक मात्र तात्पुरता असून आस्थगित करामुळे भरून निघतो. तो ताळमेळात दिसल्यास आस्थगित कराची नोंद राहून गेल्याची शक्यता असते.