एका बाईचे तीन ‘मी’

आजची गोष्ट व्हिएतनामची आहे. काळ १९३०च्या दशकातला, म्हणजे तिथे फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हाचा. न्गो तात तो नावाच्या लेखकाची ‘तात देन’ ही कादंबरी १९३७ मध्ये क्रमशः छापून आली आणि १९३९ मध्ये तिचं पुस्तक झालं. नावाचा अर्थ साधारण ‘दिवा विझला’ असा. त्यातला एक प्रसंग व्हिएतनामची कितीतरी पोरं शाळेत शिकलीयेत. तो इंग्रजीत नेताना काय सांडतं, तेच आज बघूया.

आधी प्रसंग. फ्रेंचांनी प्रत्येक पुरुषावर डोईपट्टी लावलेली असते. झौताईच्या घरी ती भरायला पैसे नाहीत. ती कुत्री विकते, पिल्लं विकते, शेवटी पोटची पोरगीसुद्धा विकते. एवढं करूनही हिशेब मिटत नाही, कारण मेलेल्या दिराचा करही यांच्याच माथी मारलेला असतो. नवरा मार खाऊन, अर्धमेला होऊन घरी पडलाय. तो जरा शुद्धीवर येतो न येतो तोच शिपायांचा नाईक आणि गावच्या मुखियाचा माणूस दारात हजर. हातात चाबूक, काठ्या आणि दोर.

आता तिच्या तोंडचे शब्द नीट ऐका.

सुरुवातीला ती हात जोडते. स्वतःला म्हणते ‘चाउ’ आणि नाईकाला म्हणते ‘ओंग’. चाउ म्हणजे नातवंड किंवा भाचरू, ओंग म्हणजे आजोबा. रक्ताचं नातं काहीच नाही. पण व्हिएतनामीत बोलायला तोंड उघडलं की आधी ठरवावं लागतं, की समोरचा माझ्यापेक्षा वयानं, मानानं वर आहे की खाली. ते ठरवल्याशिवाय रोजच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’ सुद्धा म्हणता येत नाही. आपल्याकडे सावकारापुढे माणूस ‘मायबाप, लेकराला सांभाळून घ्या’ म्हणायचा ना, तसंच हे. तिनं स्वतःला लेकरू केलं.

नाईक ऐकत नाही. तिच्या छातीत गुद्दे मारतो आणि नवऱ्याला बांधायला पुढे होतो. तेव्हा ती दुसऱ्या पायरीवर येते. ‘ओंग’ तसाच राहतो, पण ‘चाउ’ जातो आणि त्याच्या जागी येतो ‘तोय’. तोय हा बराचसा तटस्थ ‘मी’. लेकरू नाही, नात नाही, समोर उभी असलेली एक मोठी बाई. ती सांगते की आजारी माणसाला छळायचा तुम्हाला हक्क नाही.

नाईक तिच्या थोबाडीत मारतो. आणि मग तिसरी पायरी. ती स्वतःला म्हणते ‘बा’ आणि त्याला म्हणते ‘मय’. बा म्हणजे आजी. मय म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला ‘तू’. मघाशी तो आजोबा होता आणि ही नात. आता ही आजी झाली आणि तो कुणीच नाही. जिना तोच, पण दोघांच्या जागा उलटल्या. त्यानंतर ती त्याची मानगूट धरून दाराबाहेर लोटते आणि तो जमिनीवर आडवा होतो. पण खरं सांगायचं तर तो पडलाय आधीच, शब्दात. हात नंतर चाललाय.

आता हे इंग्रजीत न्या. चाउ म्हणजे ‘आय’. तोय म्हणजे ‘आय’. बा म्हणजेही ‘आय’. ओंग आणि मय, दोन्ही ‘यू’. वाक्यं व्याकरणानं अगदी बरोबर येतात, पण जिना गायब. वाचणाऱ्याला वाटतं, बिचारी विनवत होती आणि अचानक तिचं डोकं फिरलं. मूळ प्रसंगात अचानक काहीच नाही. ती एकेक पायरी मोजून चढलीये.

मग शब्दशः भाषांतर करावं का? ‘आजोबा, तुमच्या नातीवर दया करा’? इंग्रजी वाचकाला वाटेल हा खरंच तिचा आजोबा आहे. आणि तिसऱ्या पायरीवर लहान मुलांची आई स्वतःला ‘ग्रँडमदर’ म्हणू लागली, तर तो मागची पानं चाळत बसेल, की ही म्हातारी कधी झाली? नात्याचा शब्द आला, पण नातं चुकीचं पोचलं.

यातून वाट निघते, फक्त सर्वनामावर अडून बसायचं नाही. इंग्रजीकडे दर्जा दाखवायची दुसरी हत्यारं आहेत. पहिल्या पायरीवर प्रत्येक वाक्यात ‘सर’ घाला, ‘आय बेग यू’ घाला, वाक्यं लांब आणि दबकी ठेवा. दुसऱ्या पायरीवर ‘बेग’ काढा, पण एक ‘सर’ राहू द्या. ते महत्त्वाचं आहे, कारण तिथे तिनं स्वतःला वर आणलंय, त्याला अजून खाली ओढलेलं नाही. वाक्य छोटं आणि सरळ करा. तिसऱ्या पायरीवर ‘सर’ही जाईल. तिथे हुकूम येईल आणि त्याच्यासाठी एखादा तुच्छतेचा शब्द येईल.

तरी ‘बा’ उरतोच. मराठीत आपण निदान भांडणात ‘बाप आहे मी तुझा’ म्हणतो, म्हणजे नात्याच्या जोरावर वर चढणं आपल्याला कळतं. इंग्रजीत तसं रुळलेलं काही नाही. तिथे निवेदनात अर्धं वाक्य घालावं लागतं, की आता ती त्याच्याशी खालच्या माणसाशी बोलावं तशी बोलू लागली. पण हे एकदाच. प्रत्येक वळणावर असं समजावत बसलं तर भांडणाचं व्याख्यान होतं.

भाषांतर जमलं की नाही हे तपासायचं कसं? निवेदन झाका आणि फक्त तिचे संवाद वाचा. ती दोनदा बदलली हे कळलं तर जमलं. एकदाच बदलल्यासारखी वाटली, तर मधली पायरी, म्हणजे ‘तोय’, हरवली.

आणि ही मधली पायरी हरवणं इतिहासाच्या दृष्टीनंही महाग आहे. ‘तोय’ या शब्दाचा जुना अर्थ चाकर, राजाचा सेवक. मोठ्यापुढे नम्रपणे म्हणायचा ‘मी’ झिजत झिजत विसाव्या शतकात बरोबरीचा ‘मी’ झाला. राजाचा ‘मी’ मात्र वेगळाच होता, ‘त्रम’. तो फक्त बादशहानं वापरायचा. ३० ऑगस्ट १९४५ ला ह्वे शहरात शेवटचा बादशहा बाव दाय यानं गादी सोडली. त्या जाहीरनाम्यातही तो स्वतःला ‘त्रम’च म्हणतो.

तीनच दिवसांनी, २ सप्टेंबरला, हनोईच्या बा दिन्ह मैदानावर हो ची मिन्ह स्वातंत्र्याची घोषणा वाचत होते. मध्येच थांबून त्यांनी लोकांना विचारलं, माझं बोलणं नीट ऐकू येतंय ना? त्या प्रश्नात ते स्वतःला ‘तोय’ म्हणाले आणि लोकांना ‘दोंग बाव’, म्हणजे एकाच उदरातून जन्मलेले. इंग्रजीत बादशहाही ‘आय’ आणि हो ची मिन्हही ‘आय’. मैदानातल्या माणसाला मात्र ऐकू आलं, की देशाचा प्रमुख आपल्याशी ‘त्रम’ म्हणून बोलत नाहीये. झौताईला थोबाडीत खाण्याआधी जो ‘मी’ क्षणभर मिळाला होता, त्याच ‘मी’नं तो बोलतोय.